डेटिंग प्रोफाइलमध्ये जिमबद्दल किती आणि कसं लिहावं

व्यायामाची आवड कुणाला खटकत नाही. खटकतं ते मजकुरातून निघणारं सूचन: या माणसाच्या दिवसात दुसऱ्या कुणाला जागा नाही, आणि हा माझंही शरीर मोजत बसेल. म्हणून लिहिताना या दोन शंका डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

हा एक नेहमी दिसणारा मसुदा पाहा:

«जिम हेच आयुष्य. आठवड्यातले सहा दिवस. डेडलिफ्ट 160 किलो. साखर बंद. फिटनेसबद्दल सीरियस असाल तरच स्वाइप करा.»

आधी आकडा काढा. वजन न उचलणाऱ्याला 160 किलो म्हणजे किती ते कळत नाही, उचलणारा लगेच स्वतःशी तुलना करतो. दोघांनाही बोलायला विषय मिळत नाही. त्याऐवजी सध्या शिकत असलेली, अजून न जमलेली गोष्ट लिहा. त्यावर प्रश्न विचारणं सोपं जातं.

मग ‘सहा दिवस’. बऱ्याच अ‍ॅपमध्ये व्यायाम किती वेळा करता याचा वेगळा रकाना असतो. खरं उत्तर तिथे भरा आणि मजकुरात वेळ सांगा, कारण वेळेवरून तुम्ही कधी मोकळे असता ते समजतं. साखरेचा नियम गाळा. पहिल्या भेटीत काय मागवायचं याचं दडपण त्यातून विनाकारण येतं. शेवटची अट तर नक्कीच काढा: ती तुमच्यापेक्षा समोरच्याबद्दल जास्त बोलते, आणि आपली परीक्षा घेतली जातेय असं वाचणाऱ्याला वाटतं.

आता तोच माणूस असा दिसतो:

«सकाळी साडेसहाला जिममध्ये असतो, म्हणून रात्री अकरानंतर माझं उत्तर येत नाही. सध्या हातांवर उभं राहायला शिकतोय, तीन सेकंदांच्या वर टिकत नाही. संध्याकाळी जुने रेडिओ दुरुस्त करतो. रविवारी व्यायामाला सुट्टी, तेव्हा लांबवर चालत गप्पा मारायला आवडेल.»

चार वाक्यांपैकी दीड वाक्य व्यायामाचं आहे. एवढं प्रमाण पुरे.

मजकूर सुधारून फोटो तसेच ठेवले तर मात्र सगळं वाया जातं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. सहा फोटो असतील तर व्यायामाचा एकच ठेवा, तोही पहिला नको. तो दुसऱ्याने काढलेला असावा, त्यात तुम्ही काहीतरी करताना दिसावं आणि चेहरा स्पष्ट असावा. आरशासमोर शर्ट काढून घेतलेला सेल्फी मजकुरातला सगळा सहजपणा पुसून टाकतो.

एक मर्यादा आहे. तुमच्या संध्याकाळी खरोखरच जिममध्ये जात असतील, किंवा स्पर्धेची तयारी चालू असेल, तर ते लपवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळल्यावर जास्त खटकतं. «मार्चपर्यंत स्पर्धेची तयारी चालू आहे, तोवर भेटी सकाळच्या चहावर» असं मुदतीसकट लिहिलं, की समोरच्याला ठरवता येतं.