व्हँकोमायसिन आणि अमिकासिनची लेव्हल: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सेफ्ट्रिअॅक्सोनसारख्या अँटिबायोटिकचा डोस थोडा जास्त झाला तरी सहसा काही बिघडत नाही, म्हणून त्याची रक्तातली पातळी कुणी मोजत बसत नाही. व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन, अमिकासिन ही अमिनोग्लायकोसाइड्स वेगळी आहेत. यांच्यात जंतू मारणारा डोस आणि किडनीला इजा करणारा डोस जवळजवळ असतात. शिवाय ही औषधं शरीराबाहेर जातात ती मुख्यतः किडनीतूनच. किडनी मंदावली की औषध साचतं आणि साचलेलं औषध किडनीला आणखी मंदावतं. दुसऱ्या बाजूला, भीतीपोटी डोस कमी ठेवला तर एमआरएसएसारखा, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू रक्तात तसाच राहतो. लेव्हल करायची ती या दोन्हींसाठी. पण वॉर्डात बहुतेक वेळा गडबड औषधाची नसते, आकडा मिळवण्याची आणि वाचण्याची असते.

रक्त काढल्याची खरी वेळ न लिहिणं

ट्रफ लेव्हल म्हणजे पुढचा डोस लावण्याच्या साधारण अर्धा तास आधीची, सगळ्यात खालची पातळी. चार्टवर डोस रात्री ९ चा आणि सकाळी ९ चा. पण रात्री पेशंटची शीर गेली, नवी लाइन मिळेपर्यंत ११ वाजले आणि डोस तेव्हा सुरू झाला. चार्टवर मात्र ९ ला टिक. सकाळी साडेआठला रक्त गेलं. कागदावर डोस सुरू होऊन साडेअकरा तास झाले, खरे झाले साडेनऊ. लेव्हल साहजिकच जास्त येणार, आणि राउंडवर कुणीतरी डोस कमी करणार. जंतू त्या वेळी डोस वाढवण्याच्या लायकीचा असला तरी.

म्हणून डोस कधी सुरू झाला, कधी संपला आणि रक्त कधी काढलं, या तिन्ही वेळा रिक्विझिशनवर लिहा. चार्टवरच्या नकोत, घड्याळातल्या हव्यात. आणि ज्या लाइनमधून औषध गेलं त्याच लाइनमधून सॅम्पल घेऊ नका; नळीत राहिलेल्या औषधामुळे आकडा भलताच फुगतो. रिपोर्ट अविश्वसनीय वाटला तर डोस बदलण्याआधी सिस्टरना विचारा, रक्त कुठून घेतलं.

उलट टोकाची चूकही नेहमीची: रिपोर्ट येईपर्यंत डोस थांबवणं. लघवी नीट होते आहे, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन स्थिर आहे, तर वेळेचा डोस द्यावा. क्रिएटिनिन चढत असेल तर मात्र थांबून विचारणंच बरं.

व्हँकोमायसिनचा ट्रफ १५ ते २० मध्ये बसवायचाच, हा हट्ट

ही सवय २००९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतून आली. त्याच संस्थांनी २०२० मध्ये ती बदलली. गंभीर एमआरएसए संसर्गात आता पाहायचं ते २४ तासांतल्या रक्तातल्या पातळीच्या वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ, म्हणजे एयूसी. जंतूची एमआयसी, म्हणजे त्याची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान पातळी, १ धरून ते ४०० ते ६०० मध्ये असावं. ट्रफ हा त्याचा फक्त अंदाज होता, आणि तो अंदाज किती फसवतो ते एका हिशेबातच दिसतं.

समजा ६५ किलोच्या पेशंटला १ ग्रॅम व्हँकोमायसिन दर १२ तासांनी, एका तासात सोडलं जातं आहे. पातळी स्थिरावल्यावर दोन सॅम्पल घेतली. डोस सुरू झाल्यापासून दोन तासांनी लेव्हल २८ आली, साडेअकरा तासांनी १२. साडेनऊ तासांत २८ वरून १२, म्हणजे पातळी निम्मी व्हायला जवळपास ८ तास लागतात. यावरून मागे-पुढे गेलं की डोस संपतानाची पातळी साधारण ३०.६ निघते आणि पुढच्या डोसच्या क्षणी ११.५. या दोन टोकांमधल्या वक्राखालचं क्षेत्रफळ १२ तासांचं सुमारे २३५, म्हणजे दिवसाचं ४७०. नेमकं हवं तिथे.

आता जुन्या सवयीचे डॉक्टर फक्त ११.५ बघतील, ‘ट्रफ कमी आहे’ म्हणतील आणि डोस दीड ग्रॅम करतील. ट्रफ होईल १७ च्या आसपास, सगळे खूश. पण त्याच प्रमाणात एयूसी ७०५ होईल. ६०० च्या वर किडनीची जोखीम चढत जाते, आणि या पेशंटला त्या जादा औषधाचा फायदा काहीच नाही. सोबत पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा फ्युरोसेमाइड चालू असेल तर क्रिएटिनिनवर जास्तच बारीक नजर हवी.

दोन सॅम्पल परवडत नसतील तर एकाच ट्रफवरूनही सॉफ्टवेअरने एयूसीचा अंदाज काढता येतो. तेही नसेल तर निदान ११-१२ चा ट्रफ पाहून, पेशंट सुधारत असताना, डोस वाढवायची घाई नको.

अमिकासिनलाही व्हँकोमायसिनचाच नियम लावणं

इथे गणित उलटं आहे. अमिनोग्लायकोसाइड्स उंच शिखर गाठून जंतू मारतात आणि पातळी उतरल्यावरही काही तास जंतूला डोकं वर काढू देत नाहीत. म्हणून दिवसाचा पूर्ण डोस एकदाच देतात: जेंटामायसिन किलोला ५ ते ७ मिलिग्रॅम, अमिकासिन साधारण १५. शिखर मोठं दिसलं म्हणून घाबरून तोच डोस दोन-तीन वेळांत वाटला तर नुकसान दुहेरी होतं. किडनीच्या नलिकांच्या पेशी हे औषध एका मर्यादेपर्यंतच आत ओढतात. एकदम जास्त आलं तर उरलेलं लघवीत निघून जातं. थोडं थोडं दिवसभर मिळत राहिलं तर मात्र त्या पेशी ते साठवत राहतात. म्हणून इथे काळजी शिखराची नाही, तळाची. पुढच्या डोसआधी जेंटामायसिन १ च्या खाली आणि अमिकासिन ५ च्या खाली उतरलेलं हवं. उतरलं नसेल तर सहसा डोस न घटवता दोन डोसमधलं अंतर वाढवतात.

लॅबने खूण केली नाही म्हणजे किडनी ठीक

क्रिएटिनिन परवा ०.८ होतं, आज १.२. लॅबच्या मर्यादेत दोन्ही बसतात, त्यामुळे रिपोर्टवर लाल अक्षर नाही. पण ४८ तासांत ०.३ ची वाढ ही किडनीला इजा झाल्याची खूण मानली जाते. आणि क्रिएटिनिन उशिरा चढतं; ट्रफ वर सरकू लागणं हे कधीकधी त्याआधी दिसतं. लघवी भरपूर होते आहे यावरही विसंबू नका, अमिनोग्लायकोसाइडने बिघडलेली किडनी बरेचदा लघवी करतच राहते. समाधान इतकंच की औषध वेळेत थांबलं तर ती बहुधा सावरते.

लेव्हल नॉर्मल, म्हणून कानाकडे दुर्लक्ष

कान सावरत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, आणि औषध तिथे रक्तापेक्षा जास्त काळ रेंगाळतं. नुकसान वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून सुरू होतं, त्यामुळे सुरुवातीला पेशंट गप्पा अगदी नीट मारतो. त्याला ‘ऐकू येतंय ना?’ विचारून काहीच कळत नाही. क्षयरोगासाठी किंवा हृदयाच्या झडपेच्या संसर्गासाठी आठवडे-महिने इंजेक्शनं चालणार असतील तर सुरू करतानाच ऑडिओमेट्री करून ठेवा आणि मध्ये मध्ये पुन्हा करा. कानात गुंजणं, अंधारात चालताना तोल जाणं, चालताना समोरचं दृश्य हलताना दिसणं, यातलं काहीही पेशंटने सांगितलं तर लेव्हलची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारा: आईकडच्या नात्यात कुणाला असं इंजेक्शन घेतल्यावर बहिरेपण आलंय का? मायटोकॉन्ड्रियातला एक जनुकीय बदल, जो आईकडूनच येतो, असलेल्यांना अगदी बरोबर डोसवर, बरोबर लेव्हलवरही ऐकू येणं जाऊ शकतं. उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टर दुसरं औषध शोधतात.