दगडी झालेल्या गाईचं दूध पुन्हा कधी घालायचं?

संकरित गाईला दगडी होते, डॉक्टर सडात ट्यूब सोडतात, दोन दिवसांत गुठळ्या जातात आणि दूध पांढरंशुभ्र दिसू लागतं. फलटणपासून वाळव्यापर्यंत अनेक गोठ्यांत चूक इथंच होते, कारण दूध चांगलं दिसलं की ते लगेच किटलीत जातं. गाय बरी झाली म्हणजे औषध दुधातून गेलं असं नाही. दुधातला औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेखाली यायला जो काळ लागतो, तो विड्रॉवल पीरियड. हा अंश लॅक्टोमीटरला दिसत नाही, फॅट मशीनलाही नाही.

आधी सोपी कामं. ट्यूबचं खोकं फेकू नका. गाईच्या मागच्या पायाला लाल फीत बांधा, गोठ्यातल्या फळ्यावर औषधाचं नाव आणि डोसची वेळ लिहा, तिची धार सगळ्यात शेवटी काढा. फीत बांधायचीच, कारण डोस देणारा एक असतो आणि धार काढणारा दुसराच.

आता मोजणी. ही नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक ती पहिल्या डोसपासून करतात. ती शेवटच्या डोसपासून करायची असते. समजा सोमवारी सकाळी ६, सोमवारी संध्याकाळी ६ आणि मंगळवारी सकाळी ६ अशा तीन ट्यूब सोडल्या आणि खोक्यावर ९६ तास लिहिलेत. सोमवारपासून मोजलं तर शुक्रवारी सकाळी दूध सुरू होतं, आणि ते चुकीचं आहे. मंगळवारी सकाळी ६ पासून ९६ तास शनिवारी सकाळी ६ ला भरतात. शनिवारच्या सकाळच्या धारेतलं दूध रात्रभर, म्हणजे मुदत संपायच्या आतच कासेत साठलेलं असतं. म्हणून तीही धार सोडा आणि शनिवारी संध्याकाळपासून घाला. शेवटच्या डोसनंतर आठ धारा बाजूला गेल्या पाहिजेत. उपचार चालू असतानाच्या धारा त्याखेरीज.

मध्ये कुणी 'अजून एक ट्यूब सोडू' म्हटलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. ट्यूबसोबत इंजेक्शनही दिलं असेल, तर ज्याची मुदत जास्त ती धरा. डोस लेबलापेक्षा वाढवला असेल, तर लेबलावरचा आकडा तुमच्या गाईला लागूच होत नाही. किती थांबायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्याकडच्या औषध नियमांनुसार कालावधी प्रमाणित नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात.

'एकाच सडात औषध होतं, बाकी तीन सडांचं दूध घालतो' हा सल्ला गोठ्यागोठ्यांत फिरतो. तो साफ चुकीचा आहे. औषध रक्तात उतरतं आणि इतर सडांतही येतं. चारही सडांचं दूध थांबवा.

'बल्क कूलरमध्ये पातळ होऊन जाईल' हेही ऐकू येतं. हिशोब करून बघा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात बेंझिलपेनिसिलिनची दुधातली मर्यादा लिटरला साधारण ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे फक्त १ मिलिग्रॅम पेनिसिलिन २५० लिटर दूध मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं, आणि सडात सोडायच्या ट्यूबमध्ये औषध अनेक मिलिग्रॅम असतं. एका किटलीने सगळ्या गावाचं दूध नापास होऊ शकतं. उकळूनही पेनिसिलिन पुरतं नष्ट होत नाही. विरजण लावलेलं दही लागत नाही, पाणीदार राहतं, तेव्हा त्यामागे हेही कारण असू शकतं, कारण विरजणातले जिवाणू पेनिसिलिनला फार नाजूक असतात.

थांबवलेलं दूध वासरांना पाजू नका. त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. विहिरीपासून लांब खड्ड्यात ओता.

मुदत संपल्यावर खात्रीसाठी स्ट्रिप टेस्ट करता येते, पण ती कोणत्या औषधगटाची आहे हे आधी वाचा. पेनिसिलिन गटाच्या स्ट्रिपला एन्रोफ्लॉक्सासिन दिसत नाही, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी त्या औषधाबद्दल काहीच कळत नाही.

आटवताना सोडायची ट्यूब दुभत्या गाईला कधीही नको. ती आठवडेच्या आठवडे कासेत टिकण्यासाठीच बनवलेली असते. गाय अपेक्षेपेक्षा लवकर व्याली, तर चीक संपला म्हणून दूध घालू नका, आधी खोक्यावरचे दिवस आणि आटवल्याची तारीख जुळवा.

विटा-खानापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हाच हिशोब लागू आहे. ब्रॉयलर ४२ व्या दिवशी उचलायचा असेल आणि औषधावर प्रमाणित मुदत नसेल, तर २८ दिवस मागे गेल्यावर १४ वा दिवस येतो. त्यानंतर ते औषध टाकीत पडता कामा नये. शेवटच्या डोसनंतर टाकी आणि निपल लाइन धुवून काढा, नाहीतर पाइपात उरलेलं औषध पक्षी पीतच राहतात आणि तुमची मोजणी सुरूच होत नाही.