सोन्याच्या फ्युचर्समधला नफा खिशात किती येतो? सौद्याआधी करायचा हिशेब

एमसीएक्स या वायदे बाजारात सोन्याचा फ्युचर्स, म्हणजे वायद्याचा, सौदा केला की ब्रोकरच्या ॲपवर हिरव्या रंगात जो नफा दिसतो, तो बहुतेक ॲपवर खर्च वजा न करता दाखवलेला असतो. दलाली, एक्स्चेंजचं शुल्क, सरकारी कर हे सगळं रात्री काँट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्याच्या हिशेबात उतरतं, आणि प्राप्तिकर तर वर्षअखेरीस. मोठ्या व्यापाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतात. एक-दोन लॉट, म्हणजे सौद्याची ठरलेली किमान वजनं, घेणाऱ्याचा मात्र सगळा फायदा त्यातच जाऊ शकतो. म्हणून हा हिशेब सौद्यानंतर नव्हे, सौद्याच्या आधी मांडायचा.

आधी लॉटची पूर्ण किंमत काढा

मार्जिन म्हणून आपण लॉटच्या किमतीचा थोडासाच भाग भरतो, पण सरकारी आणि एक्स्चेंजची शुल्कं लागतात ती पूर्ण किमतीवर. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा असतो आणि गोल्ड पेटलचा १ ग्रॅमचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून १० ग्रॅमचा भाव १,००,००० रुपये धरू. म्हणजे मिनीचा एक लॉट १० लाखांचा, तर पेटलचा १०,००० रुपयांचा. तुमच्या दिवशी जो भाव असेल, त्या प्रमाणात पुढचे आकडे बदलून घ्या.

मग एक सौदा पूर्ण मांडून बघा

समजा मिनीचा एक लॉट १,००,००० ला घेतला आणि १,००,३०० ला विकला. दहा ग्रॅममागे ३०० रुपये मिळाले, म्हणजे लॉटमागे ३,००० रुपये. आता वजाबाकी.

ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये घेत असेल, तर खरेदी-विक्रीचे मिळून ४० रुपये. एमसीएक्सचं व्यवहार शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्सवर लाखाला २.१० रुपये आहे आणि ते दोन्ही बाजूंना लागतं, ते झाले सुमारे ४२ रुपये. सेबीचं शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे इथे जेमतेम २ रुपये. या तिन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, सुमारे १५ रुपये. खरेदीवर ०.००२ टक्के मुद्रांक शुल्क, २० रुपये. आणि विक्रीवर ०.०१ टक्के सीटीटी, म्हणजे कमोडिटी व्यवहार कर, १०० रुपये. हा कर २०१३ पासून लागू आहे. सौद्यात तोटा झाला तरी तो भरावाच लागतो, कारण तो विक्रीच्या रकमेवर आहे, नफ्यावर नाही.

एकूण खर्च सुमारे २१९ रुपये. हातात राहिले २,७८१. यात दलालीपेक्षा सीटीटीच अडीच पट आहे, त्यामुळे ‘आमची दलाली फक्त २० रुपये’ एवढ्यावर समाधान मानू नका.

पण दलाली टक्क्यांत असेल तर चित्र एकदम पालटतं. तोच सौदा ०.०३ टक्के दराने, कमाल मर्यादा नसलेल्या खात्यातून केला, तर नुसती दलाली ६०० रुपयांवर जाते आणि जीएसटी धरून एकूण खर्च सुमारे ८८१ रुपये होतो. तीन हजारांतले जवळपास तीस टक्के गेले. ०.०३ हा आकडा दिसायला इतका छोटा आहे की खातं उघडताना त्याकडे कुणी नीट बघतच नाही.

खर्च दहा ग्रॅमच्या भावात बदला

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची पायरी हीच. एकूण खर्चाला लॉटच्या ग्रॅमने भागा आणि दहाने गुणा. मिनीच्या पहिल्या उदाहरणात उत्तर येतं २२ रुपये. म्हणजे भाव दहा ग्रॅममागे २२ रुपये आपल्या बाजूने सरकेपर्यंत आपण तोट्यातच असतो. टक्केवारीच्या दलालीत हाच आकडा ८८ होतो.

आता पेटल बघा. लहान लॉट म्हणून नवखे लोक इथून सुरुवात करतात. ब्रोकर ऑर्डरमागे सरसकट २० रुपये घेत असेल, तर एका ग्रॅमच्या सौद्यात दलाली ४० रुपये, तिच्यावरचा जीएसटी सात रुपये आणि बाकीचं मिळून खर्च जातो ४९ रुपयांवर. सोनं दहा ग्रॅममागे ३०० ने वाढलं, तुमचा अंदाज अचूक ठरला, एका ग्रॅमवर ३० रुपये मिळाले, आणि तरी १९ रुपयांचा तोटा झाला. इथे बरोबरीत यायलाच दहा ग्रॅममागे ४८९ रुपये लागतात.

यावर उपाय आहेत. काही ब्रोकर ‘२० रुपये किंवा ०.०३ टक्के, यांतलं जे कमी ते’ असा दर लावतात. अशा खात्यात हाच सौदा ९ रुपयांत होतो. किंवा झेपत असेल तर पेटलचे दहा लॉट एकाच ऑर्डरमध्ये घ्या आणि एकाच ऑर्डरमध्ये विका. मग खर्च सुमारे ६४ रुपये, म्हणजे दहा ग्रॅममागेही तेवढाच. फक्त दलाली ऑर्डरमागे आहे की लॉटमागे, हे ब्रोकरला लेखी विचारून घ्या.

महिन्याचे सौदे मोजा

मिनीचे दिवसाला दोन सौदे, महिन्याला वीस दिवस. चाळीस गुणिले २१९ म्हणजे ८,७६० रुपये. खात्यात लाखभर रुपये ठेवले असतील, तर महिन्याला पावणेनऊ टक्के नुसत्या खर्चात जातात. भाव दिवसातून चार वेळा हलला म्हणून चार सौदे करणाऱ्याने हा गुणाकार कागदावर करून बघावाच. काँट्रॅक्ट संपताना पोझिशन, म्हणजे न कापलेला सौदा, पुढच्या महिन्यात नेली, तर जुनी कापण्याचा आणि नवी घेण्याचा खर्च पुन्हा लागतो, तोही यात धरा.

शेवटी प्राप्तिकर

एमसीएक्सवरच्या सोन्याच्या फ्युचर्सचा नफा हा भांडवली नफा नाही. दागिने किंवा गोल्ड ईटीएफ विकल्यावरचा हिशेब इथे लावू नका. सीटीटी भरलेला हा नफा व्यवसायाचं, पण सट्टा न मानलेलं उत्पन्न धरला जातो आणि तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. दलाली, शुल्कं आणि सीटीटी हा सगळा खर्च वजा करता येतो. रिटर्न मात्र आयटीआर-३ मध्ये भरावं लागतं.

नव्या करप्रणालीत १४ लाख पगार असलेल्याचा नफा १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये येतो, सेस धरून १५.६. आपल्या २,७८१ मधून ४३४ गेले, उरले २,३४७.

१२.७५ लाखांच्या आसपास पगार असणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख उरतं आणि २०२५-२६ पासूनच्या सवलतीमुळे कर शून्य. त्यात फ्युचर्सचा २०,००० निव्वळ नफा आला, तर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागू न देणारी सीमांत सवलत मिळूनही वरच्या २०,००० इतकाच कर बसतो, शिवाय सेसचे ८००. वर्षभराची सगळी कमाई जाऊन पदरचे ८०० भरायचे. करपात्र उत्पन्न साधारण १२.७४ लाखांच्या पुढे गेलं की मगच नफ्यातला काही भाग हाती राहू लागतो.

तोटा झाला तरी रिटर्न मुदतीतच भरा. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण वेळेत दाखवला तर पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली तर तो हक्क जातो. आणि टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघत असेल, तर आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरायचे असतात.