फोटोतल्या एनएमआरवरून संयुग ओळखताना आधी पट्टी घ्या

फोटोत इंटिग्रेशनचे आकडे बहुतेकदा पुसट असतात आणि मग सगळा अंदाज त्यावरच अडतो. आकडे सोडा, इंटिग्रेशन रेषेच्या पायऱ्यांची उंची मोजा.

एक उदाहरण घेऊ. सूत्र C4H8O2, आयआरमध्ये 1740 ला तीव्र शिखर आणि 3300 च्या आसपास काहीच नाही. म्हणजे एस्टर असण्याची दाट शक्यता. आम्ल किंवा अल्कोहोल नाही.

1. पायऱ्या भरल्या 14, 21 आणि 21 मिमी. सर्वांत लहानीने भागल्यावर 1 : 1.5 : 1.5, म्हणजेच 2 : 3 : 3. बेरीज 8, सूत्राशी जुळली.
2. 1.26 चे त्रिक (3H) आणि 4.12 चे चतुष्क (2H) एकमेकांचे शेजारी, म्हणून इथिल गट.
3. खरी मेख चतुष्कात आहे. ते 4.1 ला असेल तर CH2 थेट ऑक्सिजनला जोडलेला. मिथिल प्रोपॅनोएटमध्ये तेच चतुष्क 2.3 ला येते आणि एकेरी शिखर 3.7 ला जाते.
4. आपल्याकडे एकेरी शिखर (3H) 2.04 ला, म्हणजे कार्बोनिलशेजारचा CH3. उत्तर: इथिल अ‍ॅसिटेट.

फोटो तिरका असेल तर अक्षावरचे आकडे फसवतात. टीएमएसचे 0 आणि CDCl3 चे 7.26 ही शिखरे धरून मोजपट्टी आधी जुळवून घ्या. आणि 1.56 जवळचे छोटे शिखर बहुधा पाण्याचे असते, ते हिशेबात धरू नका.