आजी-आजोबांच्या नाजूक कातडीसाठी कपडा शिवताना: मऊ कापड पुरेसं नाही, शिलाई बाहेर काढा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खाज येते म्हटलं की सगळे एकच सांगतात, कॉटन घाला. कॉटन घालाच, त्यात वाद नाही, पण भारीतलं मलमल आणून आतून नायलॉनच्या दोऱ्याने इंटरलॉक मारून दिलं तर त्या मलमलीचा काही उपयोग नाही. ऐंशीच्या पुढे कातडी पातळ होते, तेल कमी सुटतं, वरचा थर खालच्या थराला पूर्वीसारखा घट्ट धरून राहत नाही, म्हणून नुसत्या घासण्यानेही सोलवटते. आणि घासतं ते बहुतेक वेळा कापड नाही, शिलाई घासते. त्यामुळे इथे कापडाचं थोडक्यात आणि शिलाईचं सविस्तर सांगते. उदाहरण म्हणून समोरून उघडणारा, लांब बाह्यांचा गाऊन घेतलाय, दिवसातले बरेच तास पलंगावर असणाऱ्या आजींसाठी. आजोबांची बंडी किंवा झब्बा असेल तरी हेच नियम.

कापड: मलमल, वॉयल किंवा केंब्रिक. 44 इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर घ्या, मध्यम बांध्याला पुरतं. शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या, कारण एकतर ते आटतं आणि दुसरं म्हणजे दुकानातल्या नव्या कापडात खळ असते, तीच बऱ्याचदा चरचरते. "सुरकुती पडत नाही" असं लिहिलेलं कॉटन घेऊ नका, त्याला वर रसायन लावलेलं असतं. दुकानदार शुद्ध कॉटन म्हणाला तरी एक दोरा काढून जाळून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर ठीक (रेयॉनही तसाच जळतो, तोही अंगाला चालतो), वितळून टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. असं मिक्स कापड धुऊन धुऊन त्यावर बारीक गोळे येतात आणि ते पाठीला टोचतात.

सगळ्यात चांगलं कापड मात्र घरातच असतं, जुनी सुती साडी. पन्नास वेळा धुतलेली, खळ गेलेली, मऊ पडलेली. उजेडात धरून विरलेला भाग बाजूला काढा, काठ आणि जरीचा पदर अजिबात वापरू नका, उरलेल्यात एक गाऊन आरामात निघतो.

थंडीसाठी लोकर थेट अंगाला नको. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, म्हणून घोंगडी पांघरायला चांगली पण अंगाला टोचते, आणि हे टोचणं ॲलर्जी नसते, जाड केसाची टोकं कातडीत रुततात म्हणून होतं. आत सुती, वर स्वेटर, एवढंच करायचं.

कटिंग. पाठ एका अखंड तुकड्याची हवी, मधे जोड नको, मणक्यावर आणि माकडहाडावर शिलाई आलेली चालत नाही. बाजूची शिलाई नेहमीच्या जागी ठेवली तर कुशीवर झोपल्यावर ती बरोबर खुब्याच्या हाडाखाली येते, म्हणून मागचा भाग दोन्ही बाजूंनी दीड दीड इंच वाढवायचा आणि पुढचा तेवढाच कमी करायचा, शिलाई पोटाच्या बाजूला सरकते. खांद्याची शिलाईसुद्धा एक इंच पुढे घ्या. बाही सरळ कापा, झब्ब्यासारखी, गोल मुंढा नको. मुंढ्याची खोली नेहमीपेक्षा दोन इंच जास्त ठेवा म्हणजे काखेतली शिलाई अंगाला न चिकटता खाली लोंबते. बाह्या मनगटापर्यंतच हव्यात, कारण कातडी फाटायच्या दोन मुख्य जागा म्हणजे कोपराखालचा हात आणि नडगी, आणि पातळ कापडाची बाहीसुद्धा पलंगाच्या कडेला लागण्यापासून बरंच वाचवते.

आता शिलाई. इथे मी बरीच वर्षं अडले होते, म्हणून जरा थांबून सांगते.

कुणालाही विचारा, "नाजूक कातडी आहे तर फ्रेंच शिलाई मारा" हेच उत्तर येतं. फ्रेंच शिलाईत कडा आत बंद होतात, दोरे निघत नाहीत, दिसायला एकदम सुबक, लहान बाळाच्या झबल्याला उत्तम. पण तो कापडाचा जो दुमडलेला पट्टा तयार होतो तो आतल्या बाजूला उभा राहतो. बाळाला आपण उचलून घेतो, इकडून तिकडे फिरवतो, पण आजी त्याच पट्ट्यावर तीन तास पडून असतात. सकाळी पाठ बघा, जिथे पट्टा तिथे लाल रेघ. दिवसभर हिंडत्याफिरत्या माणसाला पातळ मलमलीत फ्रेंच शिलाई चालेल, पडून असणाऱ्याला नको म्हणजे नको, मग शिंपी काहीही म्हणो.

त्याऐवजी चपटी शिलाई मारायची, आपण जीन्सच्या पायाला बघतो ती, पण तिचं सगळं मार्जिन कपड्याच्या बाहेरच्या अंगाला काढायचं. म्हणजे आत फक्त गुळगुळीत कापड, जोडाची रेघ आणि टाक्यांची एकच रेघ, बाकी काही नाही. बाहेरून पट्टी दिसते, ती दिसू दे, डिझाइन वाटते.

करायचं असं. दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू एकमेकांना लावा, म्हणजे सुलट्या बाजू बाहेर (हात सवयीने नेमकं उलटं करतो, म्हणून सुलट बाजूला खडूची खूण करून ठेवा). पाच सूत मार्जिन सोडून सरळ शिलाई घाला. मग पुढच्या भागाचं मार्जिन कापून दोन सूत करा, मागच्या भागाचं पाच सूतच राहू दे. हे लांब मार्जिन आखूड मार्जिनवर दुमडून त्याची कड शिलाईच्या रेघेपाशी आणा, ती पट्टी पुढच्या भागावर आडवी पाडा आणि इस्त्री करा. इस्त्री टाळून नुसत्या नखाने दाबून पुढे जाऊ नका, मलमल लगेच सरकते आणि पट्टी वाकडी होते. आता दुमडलेल्या कडेच्या अगदी जवळून दुसरी शिलाई.

ही दुसरी शिलाई अंगाला लागणार आहे, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. मशीनची सुई 9 किंवा 11 नंबरची, टाका अडीच मिलिमीटर, दोऱ्याचा ताण थोडा सैल. ताण जास्त झाला की कापड आकसून आत बारीक चुण्या येतात, आणि प्रत्येक चुणी म्हणजे एक कंगोरा. शिवून झाल्यावर डोळ्याने नाही, डोळे मिटून बोट आतून फिरवून तपासा. बोटापेक्षा ओठ किंवा गाल जास्त सांगतो, तिथे फिरवून बघायला लाजू नका. जिथे अडखळतं तिथे उसवा.

खरी पंचाईत काखेत होते. तिथे बाहीची शिलाई आणि बाजूची शिलाई एकमेकींना ओलांडतात आणि कापडाचे इतके पदर साठतात की वाटाण्याएवढी गाठ होते, आणि काखेतली कातडी तर घामाने कायम ओलसर, ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. यावर तीन गोष्टी करायच्या. आधी बाही आडवी जोडून तिची चपटी शिलाई पूर्ण करा, आणि बाजूची शिलाई घालायच्या आधी, जिथे ती ओलांडणार त्या अर्ध्या इंचात पट्टीच्या आतलं आखूड मार्जिन कात्रीच्या टोकाने काढून टाका. बाजूची शिलाई पूर्ण झाली की त्या सांध्यावर ओला रुमाल ठेवून इस्त्री करा आणि मग लाकडी पाटावर ठेवून हातोडीने हलकेच ठोका, गाठ खरंच चपटी होते, जीन्सवाले हेच करतात. आणि बाजूची शिलाई दीड इंच पुढे घेतलीय तशी बाहीची खालची शिलाईही पुढेच घ्या, म्हणजे सांधा काखेच्या घडीत न येता छातीच्या बाजूला येतो. बाहीच्या अरुंद भागात मशीन नीट जात नाही, तिथे शेवटचा वीतभर भाग हाताने बारीक टाक्यांनी शिवा, ओढूनताणून मशीनखाली घालू नका.

दोरा सुती घ्या. टोकं गाठ मारून, कापून, पट्टीच्या आत ढकला. काही शिंपी पॉलिस्टरचं टोक लायटरने जाळतात, त्याचा कडक मणी होतो, हे स्पष्ट सांगून थांबवा. पारदर्शक नायलॉनचा दोरा तर कुठेच नको, त्याचं तुटलेलं टोक सुईसारखं टोचतं.

नवा गाऊन शिवायला वेळ नसेल तर आहेत तेच कपडे उलटे घाला. बनियन, रात्रीचा गाऊन, मोजे, सगळं. शिलाया आपोआप बाहेर जातात. लाज वाटत असेल तर फक्त झोपताना घाला. लेबल काढताना कात्रीने कापू नका, शिलाईत उरलेलं खुंट जास्त टोचतं, टाके उसवून पूर्ण काढा.

बंद: पुढे चपटी बटणं, खाली कापडाची अखंड पट्टी. वेल्क्रो नको.

साडी सोडायला तयार नसलेल्या आज्यांसाठी परकराची नाडी बघा. रोज त्याच जागी करकचून बांधलेली गोल नाडी कमरेला काळा पट्टा पाडते, खाज आणते, आणि हे नुसतं खाजेवर थांबेलच असं नाही. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क बायकांच्या केसेस मांडल्या, वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधण्याच्या जागी जखम होऊन तिथे कातडीचा कॅन्सर झाला होता, त्यातली एक लुगडं नेसणारी होती. म्हणून नाडी काढून तीन इंच रुंद मऊ सुती पट्टा घाला, पुढे दोन बटणांच्या जागा ठेवा, आणि कमरेवर बरी न होणारी जखम दिसली तर मलम लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खाज रात्री वाढत असेल आणि घरात इतरांनाही येत असेल तर तीही कपड्याची नाही, खरूज असू शकते.

धुताना पावडर कमी, दोनदा साध्या पाण्यातून काढा, वासाचं कंडिशनर घालू नका. आणि हे नीट वाचा: व्हॅसलीन, पॅराफिनचं मलम, क्रीम रोज लावत असाल तर ते कापडात मुरतं, आणि असं कापड ठिणगी लागली की साध्या कापडापेक्षा फार झपाट्याने पेटतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये याबद्दल इशारा दिलाय. धुतल्याने ते पूर्ण निघत नाही. त्यामुळे मलम लावलेल्या आजींनी निरांजन, उदबत्ती आणि गॅसपासून लांब राहायचं, आरती दुसऱ्या कुणीतरी करावी.

पहिल्या रात्रीनंतर सकाळी गाऊन काढून पाठ, खुबे, काखा, कोपरं नीट बघा. रेघ दिसली तर घड्याळ बघून अर्धा तास थांबा. गेली तर ठीक. राहिली, किंवा सावळ्या रंगावर लाली दिसत नाही पण बोटाला तिथे गरम किंवा घट्ट लागतंय, तर ती शिलाई त्या जागी नकोच. गाऊन अंगाशी धरून नेमकी कुठली शिलाई ते शोधा, तेवढीच उसवा आणि एक इंच सरकवून परत घाला.