ऑल्दो दिसला म्हणून लगेच उलटं वळू नका: जीआरईच्या गाळलेल्या जागा

शब्दांच्या याद्या तुम्ही पाठ करत असालच, त्यावर बोलत नाही. टेक्स्ट कम्प्लीशन आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सगळे शब्द येत असूनही उत्तर चुकतं, तेव्हा घोळ बहुधा दिशेचा असतो. ऑल्दो, डिस्पाइट, येट आलं की अर्थ उलटा फिरतो; बिकॉज, सिन्स आलं की सरळ जातो. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला नडला तो वाक्यात दडून बसलेला दुसरा नकार.

समजा वाक्य असं आहे: मंत्री चारचौघांत 'फार फ्रॉम' ____ असले, तरी घरी जेमतेम तोंड उघडत. सुरुवातीला ऑल्दो आहे. पर्याय सहा: टॅसिटर्न, रेटिसेंट, गॅर्युलस, लोक्वेशस, कँडिड, एरुडाइट. घाईत आपण म्हणतो, घरी गप्प, ऑल्दो आहे, म्हणजे बाहेर बडबडे. गॅर्युलस आणि लोक्वेशस लावून मोकळे! पण 'फार फ्रॉम' राहिलाच की. बाहेर ते बडबडे आहेत हे बरोबर, पण रिकामी जागा त्यांचं वर्णन करत नाही. ते जे अजिबात नाहीत, ते तिथे यायला हवं. म्हणजे अबोल: टॅसिटर्न, रेटिसेंट. चुकीची जोडी मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून उत्तर चुकलंय अशी शंकाही येत नाही.

हार्डली, एनीथिंग बट, बाय नो मीन्स ही सगळी त्याच घरची मंडळी. कच्च्या कागदावर आधी आख्ख्या अर्धवाक्याची दिशा लिहा, मग त्यातला नकार काढून जागेची. पर्याय झाकून जागेत साधा मराठी शब्द बसवा. 'अबोल' पुरतो, भारी इंग्रजी सुचायची गरज नाही.

कारणाच्या वाक्यात स्वल्पविरामानंतरचा 'फॉर' जपून वाचा. 'अहवाल नॉट ____, फॉर त्यात जुनंच उगाळलं होतं' यातला फॉर म्हणजे 'कारण'. जुनंच उगाळलं, म्हणून अहवालात नवं काही नव्हतं. नॉट आधीच आहे, तेव्हा जागेत 'नवा' याच अर्थाचा शब्द हवा.

क्लासमध्ये शिकवतात, 'वाक्य सोडा, आधी समानार्थी जोडी शोधा.' माझ्या मते हा सल्ला सरळ घातक आहे. वरच्या सहांतच दोन जोड्या होत्या ना? शिवाय बरोबर उत्तराचे दोन शब्द तंतोतंत समानार्थी असतीलच असं नाही. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकसारखा झाला की झालं. दोनातला एकच बरोबर आला तर अर्धा गुणही मिळत नाही.

वेळेची भीती वाटेल. पहिल्या व्हर्बल विभागात १२ प्रश्न, १८ मिनिटं, उताऱ्यांसकट. पण नकार शोधायला काही सेकंदच लागतात, आणि सवय झाली की कागदही लागत नाही. दोन-तीन जागांच्या प्रश्नात पहिल्या जागेपाशी अडून बसू नका. जिच्याजवळ ठोस खूण आहे ती आधी भरा, बाकीच्या तिच्यावरून लागतात.