मेंदूत तार बसवण्याआधी: नानांच्या वेळची तयारी

कंपवातासाठी डीबीएसचं, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून यंत्राने सूक्ष्म करंट देण्याच्या ऑपरेशनचं, नाव निघालं की घरात पहिला विषय पैशाचा निघतो. तो निघणारच. आमच्याकडे मात्र सगळ्यात कामाला आली ती शंभर पानी वही, म्हणून पहिल्यांदा वही घ्या.

आठ दिवस दर अर्ध्या तासाला एवढंच लिहा: गोळी चढली, उतरली, की अंग नको तितकं वळवळतंय. शेजारी जेवणाची वेळ टाका. नानांची दुपारची गोळी वाया जाते, हे आम्हाला वहीतच दिसलं. ते ती उडदाच्या डाळीबरोबर घ्यायचे, आणि डाळीतली प्रथिनं गोळीतल्या लेवोडोपा या औषधाला आत शिरू देत नाहीत. मोबाइलवर गोळी चढलेली आणि उतरलेली अशा दोन्ही अवस्थांतलं चित्रीकरणही ठेवा: खुर्चीतून उठणं, ओट्यापर्यंत चालणं, मूठ भराभर उघडमीट करणं.

पुढची तयारी गोळीच्या चाचणीची. साधारण 12 तास गोळी बंद ठेवून हालचालींना गुण देतात, मग गोळी देऊन पुन्हा मोजतात. गुण जास्त, तितका त्रास जास्त. गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. मनाने बंद केली तर ताप, ताठरपणा असं जिवावर बेतू शकतं. आमची चूक प्रवासाची. संध्याकाळची गोळी देऊन भुसावळहून रात्रीची गाडी धरली, आणि पहाटे मुंबईत नाना बर्थवरून उठेनात. दोन हमालांनी उचलून उतरवलं. आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा.

नानांचे गुण गोळीविना 48, गोळीनंतर 20. म्हणजे 58 टक्के सुधारणा. साधारण एक तृतीयांश तरी हवी असते. पण नुसत्या बेरजेवर खूश होऊ नका, कुठले गुण उतरले ते विचारा. हातापायांचा ताठरपणा आणि मंदपणा गेला होता. उंबऱ्यापाशी पाय चिकटणं गोळी चढल्यावरही तसंच होतं. “जे गोळीने सुटत नाही, ते तारेनेही सहसा सुटत नाही,” डॉक्टर म्हणाले. अपवाद कंपाचा: गोळीला न जुमानणारा कंपही तारेने थांबू शकतो.

तार कुठे बसवायची, हेही याच कागदांवरून ठरतं. नुसता कंपच असेल, तर थॅलॅमसमधली व्हिम नावाची जागा. 1987 साली ग्रेनोबलला बेनाबिद यांनी तिथूनच सुरुवात केली. मंदपणावर मात्र तिचा उपयोग नाही. कंपवातात बहुधा निवड दोन जागांमध्ये असते. एसटीएन हा मेंदूत खोलवर असलेला काबुली हरभऱ्याएवढा पेशींचा पुंजका. तिथे तार बसवली तर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. वळवळ फार असेल, किंवा स्मरणशक्ती आणि मनाची चिंता असेल, तर मेंदूतल्याच जीपीआय नावाच्या दुसऱ्या जागेकडे कल जातो. ती वळवळ थेट दाबते, गोळ्या मात्र फारशा सुटत नाहीत. म्हणून स्मरणशक्तीच्या चाचण्या टाळू नका. विसरभोळेपणा, उदासपणा, जुगाराचा नाद असलं काही असेल तर झाकू नका. नानांच्या गोळ्यांचा मारा मोठा होता, चाचण्या ठीक आल्या, म्हणून एसटीएन ठरलं.

तार करते काय, हे घरच्यांना समजून घ्यावंसं वाटतंच. कंपवातात एसटीएन आणि हालचालीचा मेंदूभाग सेकंदाला 13 ते 30 ठोक्यांच्या एकाच ठेक्यात अडकतात. भजनी मंडळाचे सगळे टाळ एकाच ठेक्यात अडकले की चाल बदलताच येत नाही, तसं. तारेतून सेकंदाला साधारण 130 सूक्ष्म ठोके जातात आणि तो अडकलेला ठेका मोडतो. पूर्वी वाटायचं की तार ती जागा बंद पाडते. आता दिसतं की ती आसपासचे तंतू चेतवून साखळीभर वेगळी लय पसरवते. नेमकं कसं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगा, साखर आटोक्यात आणा आणि रुग्णाची मनाची तयारी करा. बऱ्याच ठिकाणी त्याला जागं ठेवून बोलायला, हात हलवायला लावतात. नानांना उजव्या बाजूच्या तारेतला करंट वाढवताच तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. करंट शेजारच्या तंतूंच्या जुडग्यात सांडत होता. तार दोनेक मिलिमीटर सरकवली आणि ओढ थांबली.

घरी आल्यावर पहिले काही दिवस यंत्र सुरू नसतानाही बरं वाटतं. ती तार घातल्याची सूज असते. ओसरली की त्रास परततो, घाबरू नका. खरी जुळवणी काही आठवड्यांनी सुरू होते आणि महिनोन्‌महिने चालते, म्हणून निदान चार-पाच फेऱ्यांची सोय करून ठेवा. नानांचा आवाज पुटपुटता झाला, तेव्हा करंट थोडा उतरवल्यावर शब्द कळू लागले.

यंत्राचं कार्ड लॅमिनेट करून खिशात ठेवा, एमआरआयआधी दाखवा, आणि गावातल्या फिजिओथेरपीवाल्याला आधीच बजावून ठेवा: डायाथर्मीचा शेक कधीच नाही, गुडघ्यालाही नाही. त्या लहरींनी तारेचं टोक मेंदूत तापतं. आमच्याकडे गुडघा दुखला तेव्हा नानांनी स्वतःच कार्ड पुढे केलं.